इनपुट-आउटपुट टेबल आणि तो वजा आयातीचा रकाना: माझा अनुभव

एम.ए.च्या प्रबंधाला मी एक साधा वाटणारा प्रश्न घेतला होता: आपल्या कारखानी मालाची निर्यात १०० कोटींनी वाढली, तर देशात कुठल्या क्षेत्राला किती उत्पादन करावं लागेल? नुसते १०० कोटी म्हणून भागत नाही. तो माल बनवायला पोलाद लागतं, पोलादाला वीज लागते, विजेला कोळसा, आणि कोळसा आणायला रेल्वे. ही साखळी एका फटक्यात सोडवायची रीत अर्थशास्त्रज्ञ लिओन्टिएफने घालून दिली, आणि १९७३ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं.

त्यासाठी लागतं इनपुट-आउटपुट टेबल, म्हणजे कुठल्या क्षेत्राने कुणाकडून किती रुपयांचा माल घेतला याचा तक्ता. ते मिळवणं, त्यातली क्षेत्रं कमी करणं ही कामं पटापट झाली. मी २००७-०८ चं १३० क्षेत्रांचं सरकारी टेबल घेतलं. नंतरच्या वर्षांची पुरवठा-वापर टेबलं १४० वस्तू आणि ६६ उद्योगांची, म्हणजे आयताकृती आहेत. ती चौरस करण्यातच माझं वर्ष गेलं असतं, म्हणून जुनंच बरं. क्षेत्रं एकत्र करताना एक लक्षात ठेवा: आधी रुपयांचे आकडे बेरजेने एकत्र करा, मग भागाकार. आधी गुणांक काढून त्यांची सरासरी घेतली की लहान क्षेत्राला मोठ्याइतकंच वजन मिळतं आणि सगळं वाकडं होतं.

भागाकार कशाने? प्रत्येक स्तंभाला त्या क्षेत्राच्या एकूण उत्पादनाने. मग स्तंभातला प्रत्येक आकडा सांगतो की या क्षेत्राचा एक रुपयाचा माल काढायला कुणाकडून किती पैशांचा माल लागतो. हा झाला A. उत्पादन x, बाहेरची मागणी d, तर x = Ax + d. x काढायचा. संपलं.

म्हणजे मला तसं वाटलं होतं.

पुढचं समजायला माझ्या टेबलाऐवजी तीन क्षेत्रांचं गोल आकड्यांचं उदाहरण घेतो: खनिज तेल, कारखाने, आणि बाकी सगळं. कारखान्यांच्या एक रुपयाच्या मालात १० पैशांचं तेल, ३० पैशांचा कारखान्यांचाच माल आणि २० पैशांचं बाकीचं जातं. उरलेले ४० पैसे म्हणजे पगार, नफा, भाडं, म्हणजेच मूल्यवर्धन. तेल काढायला कारखान्यांचे १० पैसे आणि बाकीचे १०. ‘बाकी’ला कारखान्यांचे २० आणि स्वतःचे २०. १०० कोटींची निर्यात घालून सोडवलं की कारखाने १५६.९ कोटी, बाकी ४१.२ कोटी आणि तेल १५.७ कोटी येतात.

ते तेल मला खटकलं. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, आणि माझं मॉडेल म्हणतं की देशातल्या विहिरींतून आणखी १५.७ कोटींचं तेल उपसा. कुठून उपसू?

कारण टेबलाच्या मांडणीत आहे. तेलाच्या ओळीत कारखान्यांसमोर जो आकडा असतो, त्यात देशी आणि परदेशी तेल एकत्र असतं. सगळी आयात उजवीकडे अंतिम मागणीत एकाच रकान्यात वजा करून टाकलेली असते. ओळीची बेरीज जुळते, हिशेब तपासणारे खूश. पण कुठल्या उद्योगाने किती आयात माल वापरला, हे त्या रकान्यातून कळत नाही. जपान आयातीच्या वापराचं वेगळं टेबल देतो, युरोपातले देशही देतात. तसं काही आपल्याकडे मिळेल का, म्हणून एका कार्यालयाला मेल केला. बऱ्याच आठवणी दिल्यावर उत्तर आलं, आणि सोबत जोडलेली फाईल कुठली? जी माझ्याकडे होती तीच, त्याच वजा रकान्यासह. माझा त्या रकान्यावरचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मार्ग निघाला तो अंदाजाचा. प्रत्येक वस्तूसाठी आयातीचा वाटा m काढायचा: आयात भागिले देशात वापरलेला एकूण माल, म्हणजे उत्पादन अधिक आयात उणे निर्यात. मग गृहीत धरायचं की त्या वस्तूचा प्रत्येक गिऱ्हाईक तेवढाच वाटा परदेशी वापरतो. A ची प्रत्येक ओळ (1 − m) ने गुणली की उरतो तो देशी मालाचा A. उदाहरणात तेलाचा वाटा ०.९, कारखानी मालाचा ०.२ आणि बाकीचा शून्य धरू:

```python
import numpy as np
A = np.array([[0, .10, 0],
              [.10, .30, .20],
              [.10, .20, .20]])
m = np.array([.9, .2, 0])
d = np.array([0, 100, 0])
Ad = (1 - m)[:, None] * A
x = np.linalg.solve(np.eye(3) - Ad, d)
```

त्यातलं `[:, None]` गाळू नका. ते नसेल तर ओळींऐवजी स्तंभ गुणले जातात, आणि प्रोग्रॅम निमूटपणे भलतंच उत्तर देतो. d मात्र इथे जशीच्या तशी ठेवली, कारण निर्यातीचा माल इथेच बनतो असं धरलंय. घरगुती खर्चाची मागणी असती तर तिलाही (1 − m) ने गुणावं लागलं असतं.

आता कारखाने १३९.१ कोटी, बाकी ३४.९ आणि तेल फक्त १.४. एवढा फरक!

यापेक्षा मोलाची गोष्ट मला नंतर सापडली, आणि तिचा मला थोडा अभिमानही आहे. दोन्ही उत्तरांतलं मूल्यवर्धन मोजून पाहिलं. पहिल्यात तेलाचे ८० पैसे, कारखान्यांचे ४० आणि बाकीचे ६० या दराने बेरीज बरोबर १०० कोटी येते. आकडे बदलून पाहिले तरी १०० च. आणि येणारच. स्तंभातला कच्चा माल आणि मूल्यवर्धन मिळून पूर्ण रुपया होतो. सगळा कच्चा माल देशीच मानला, तर साखळी कितीही मागे नेली तरी शेवटी प्रत्येक पैसा इथल्याच कुणाच्या तरी पगारात किंवा नफ्यात जिरतो. तेव्हा कुणाचं मॉडेल ‘१०० च्या निर्यातीतून १०० चं उत्पन्न’ असं सांगत असेल, तर त्यात आयात वेगळी काढलेली नाही, हे तिथल्या तिथे ओळखावं. दुसऱ्या उत्तरात मूल्यवर्धन ७७.७ कोटी येतं. उरलेले २२.३ कोटी आयात: १२.५ चं तेल आणि ९.८ चा कारखानी माल. दोन्ही मिळून पुन्हा १००. ही बेरीज जुळली तेव्हा कुठे मी प्रबंधात तो तक्ता टाकला.

हो, एक राहिलं. एक्सेलमध्ये करणार असाल तर `MINVERSE` आणि `MMULT` पुरतात; एकक मॅट्रिक्समधून A वजा करून काढलेल्या इन्व्हर्समध्ये उणे आकडा दिसला तर पुढे जाऊ नका, आधी A चे स्तंभ तपासा. रुपयांत मोजलेल्या टेबलात कुठल्याही स्तंभाची बेरीज एकाच्या वर गेली असेल, तर ते क्षेत्र विकतं त्याहून जास्त किमतीचा माल गिळतंय. बहुतेक वेळा तिथे एखादी ओळ सरकलेली असते. आणि वेळ लागतो म्हणून कुरकुरू नका: लिओन्टिएफने ४२ समीकरणं हार्वर्डच्या मार्क २ वर घातली होती, तेव्हा त्या यंत्राला ५६ तास लागले होते.

आता त्या m बद्दल. सगळे गिऱ्हाईक सारखाच वाटा परदेशी वापरतात, हे निर्यातदारांबाबत तर फारच भाबडं आहे. निर्यातीसाठी जुळणी करणारा कारखाना गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यापेक्षा कितीतरी जास्त सुटे भाग बाहेरून आणतो. चीनच्या बाबतीत तर संशोधकांना अशा कारखान्यांची वेगळी टेबलं करावी लागली. म्हणून मी ७७.७ हा आकडा ‘फार तर इतकं’ असा वाचतो. कारखानी मालाचा m ०.२ ऐवजी ०.४ घालून वरचा प्रोग्रॅम पुन्हा चालवा. कारखान्यांचं उत्पादन १२६.७ वर येतं आणि मूल्यवर्धन ७०.८ वर. प्रबंधात मी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिले.