आठवी ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली तेव्हा

अकरावीला मराठी शिकवते, खानदेशात. त्या दिवशीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा होता, म्हणजे अर्धा वर्ग पेंगलेला. अभ्यासक्रमात नसलेली एखादी कविता मी मधूनमधून वाचून घेते, तशी बालकवींची ‘औदुंबर’ निवडली होती. जेमतेम आठ ओळी. सकाळी दुकानात घाईघाईने प्रती काढून घेतल्या. माझा मूळ कागद लीगल आकाराचा आणि दुकानदाराने घातला होता ए-फोर. खालची कड कापली गेली ते मला दिसलंच नाही. कविता पाठ असल्याने मी कागदाकडे पाहतच नव्हते.

मुलांनी एकेक ओळ वाचायला घेतली. सातवी ओळ झाली: ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. मग शांतता. मला वाटलं, पुढचा मुलगा झोपलाय. तो म्हणाला, “मॅडम, संपली.”

मागच्या बाकावरची एक मुलगी कागद उलटसुलट करत होती. “मॅडम, वर नाव औदुंबर आहे. मग यात औदुंबर कुठंय?”

तेव्हा कुठे मी कागद हातात घेऊन पाहिला. झरा होता, गाव होतं, शेतमळे, पायवाट, डोह, सगळं होतं. झाडच नव्हतं. खरं तर लगेच फळ्यावर ओळ लिहून मोकळी झाले असते. पण हा प्रश्न इतका नेमका होता की मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, एक ओळ राहिलीय, तुम्ही लिहा. शेवट ‘लाटांवर’शी जुळला पाहिजे. चाल समजावी म्हणून बाकावर ठेका धरून दाखवला: आठ मात्रा, आठ, आठ आणि शेवटी दोनची छोटी शेपटी.

पंधरा मिनिटांनी कागद गोळा केले. बऱ्याच जणांची चाल मोडली होती, पण दोन ओळी अगदी बेतशीर बसल्या होत्या. पहिली: ‘असेच जीवन वाहत जाते, थांबे ना क्षणभर’. दुसरीत झाडही आलं होतं: ‘आणि तिथे औदुंबर बोले, जग हे क्षणभंगुर’. बाकीच्यांनीही बहुतेक असंच काहीतरी तात्पर्य काढलेलं. दोष त्यांचा नाही. दहा वर्षं आम्हीच त्यांना प्रत्येक कवितेखाली ‘कवीला काय सांगायचे आहे’ हे विचारत आलोय.

पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि लगेच एकाने हात वर केला. “पण मॅडम, डोह तर थांबतोच ना?” दुसरा म्हणाला, जीवन कुठून आलं मधेच? पाच मिनिटं वादावादी. मला मजा वाटली. कविता संपवायला लिहिलेल्या ओळीने नवीनच भांडण उकरून काढलं होतं. विधान केलं की ऐकणारा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला मोकळा होतो. बालकवींनीही असे शेवट केलेत म्हणा. ‘श्रावणमासी’च्या शेवटी देवदर्शनाला निघालेल्या बायकांच्या चेहऱ्यावर श्रावणाचं गीत ‘वाचुन घ्यावे’ असं ते सांगूनच टाकतात. उत्सवाच्या कवितेत ते खपतं.

मग फळ्यावर खरी ओळ लिहिली:

पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

कुणी काही बोललं नाही. कुणी हातही वर केला नाही.

पण नुसत्या चित्राने कविता मिटते असं मुलांनी समजू नये म्हणून मी त्याच चालीत एक ओळ तिथल्या तिथे जुळवून खाली लिहिली: ‘दूर कुठे तरि घार फिरतसे निळ्या अंबरावर’. चित्र आहे, यमक आहे, उपदेश नाही. वर्ग एकमुखाने म्हणाला, नको. का नको, हे शोधण्यात उरलेला तास गेला, आणि पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले.

आधी क्रियापदांखाली रेघा मारायला लावल्या. झरा वाहतो, पायवाट पडते, मग चालते, काळिमा पसरते. वाटेतले शब्दही पुढे ढकलणारे: बेटाबेटांतुन, टेकडीकडे, पुढे, डोहाकडे. सात ओळी सगळं कुठे ना कुठे निघालेलं आहे आणि आठव्या ओळीत पहिल्यांदा कुणीतरी ‘बसला’. घार फिरते, म्हणून ती ओळ बसत नाही. शिवाय डोळे इतका वेळ टेकडीवरून उतरत उतरत पाण्यापर्यंत आलेत, त्यांना ती पुन्हा आभाळात उडवून लावते.

मग कान. मधल्या चार ओळींच्या शेवटी टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. ‘डे’ किंवा ‘ढे’ म्हणताना तोंड उघडं राहतं, आवाज पुढे जाऊ पाहतो. शेवटच्या दोन ओळी ‘र’वर अडतात. ‘औदुंबर’ म्हणून पाहा: ‘दुं’ला ओठ मिटायला लागतात, मग ‘बर’, की संपलं. सगळ्यांनी दोनदोनदा म्हणून पाहिलं. शेजारच्या वर्गात नक्की काय वाटलं असेल देव जाणे.

आणि तिसरं त्या मागच्या बाकावरच्या मुलीनेच सांगून ठेवलं होतं. शीर्षकाने पहिल्याच क्षणी दिलेला शब्द कवितेत थेट शेवटचा शब्द म्हणून येतो. तोवर वाचणारा नकळत त्याची वाट पाहत असतो.

एकाला ‘असला’ खटकला. “असला म्हणजे वाईट ना? असला कसला?” रोजच्या बोलण्यात तो शब्द थोडा तुच्छतेचा झालाय खरा. इथे तो ‘अशा प्रकारचा’ एवढंच सांगतो, बोट दाखवल्यासारखा. कसा, ते सांगत नाही. त्या रिकाम्या जागेत लोकांनी पुष्कळ काही भरलं. गाव म्हणजे संसार, डोह म्हणजे मृत्यू, झाड म्हणजे विरक्त योगी. त्यात बालकवी 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय 27, त्यामुळे काळ्या डोहाकडे जाणाऱ्या त्या वाटेत लोकांना भलतंच दिसू लागतं. आमच्या मुलांसाठी भादली हे रोजचं स्टेशन, त्यामुळे तो तपशील ऐकून वर्ग जरा गंभीर झाला. मला स्वतःला हा अर्थ ओढून आणलेला वाटतो. ओळीत काळिमा ‘गोड’ आहे आणि झाड बुडत नाहीये, पाय सोडून बसलंय.

तास संपला तेव्हा मी प्रत्येकाला आठवी ओळ आपल्या कागदावर हाताने लिहून घ्यायला सांगितली. झेरॉक्स पुन्हा काढली नाही.

चार दिवसांनी तीच मुलगी मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिच्या मामाच्या गावचा नाला, काठाला जुनं उंबर, काठाची माती वाहून गेलेली आणि उघडी पडलेली जाड मुळं पाण्यात उतरलेली. खोडालाच फळांचे घोस.

“मॅडम, हे बघा असला औदुंबर,” ती म्हणाली. मग फोटो मोठा करून जरा तक्रारीच्या सुरात, “पण पाय नाहीत टाकलेले, हा पार गुडघ्यापर्यंत उतरलाय.”