ताईंचा सा हलला

पंधरवड्यापूर्वी दांडिया बाजारातल्या भावगीतांच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, ताईंचा सा हलला. चाळीस वर्षं गाणाऱ्या बाईंचा सा. तो माझ्या कीबोर्डमुळे हलला, आणि ते काही केल्या मनातून जात नाही.

भावगीतात कीबोर्डवाल्याला खरी मोकळीक मिळते ती ओळ संपल्यावर. धृपद समेवर येऊन सा वर थांबतं आणि पुढची ओळ उचलायला केहरव्याचं एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रा मिळतात. ही जागा भरून गाणं परत सा वर आणून सोडायचं, याला आम्ही टर्नअराउंड म्हणतो. ताईंची पट्टी काळी पाच, पण समजायला सोपं म्हणून पांढरी एकमध्ये, म्हणजे सा सी वर धरून सांगतो. कॉर्डचा नेहमीचा मार्ग असा: सी, ए सेव्हन, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन. प्रत्येकाला दोन मात्रा. हा मार्ग इतका वाजलाय की तो कानाला जाणवतही नाही.

या गाण्याच्या चालीत जॅझची झाक होती, म्हणून मी ट्रायटोन सब्स्टिट्यूशन घेतलं, म्हणजे एका सेव्हन्थ कॉर्डच्या जागी सहा अर्धस्वरांवरचा दुसरा सेव्हन्थ. जी सेव्हनमधले स्वर प, नी, रे, म. घरी परतायची ओढ त्यातल्या म आणि नी या जोडीत असते. या दोघांत बरोबर सहा अर्धस्वरांचं अंतर, म्हणजे सप्तकाचा नेमका मध्य. म्हणून म खाली ठेवा किंवा नी, अंतर तेवढंच राहतं, आणि हीच जोडी आणखी एका सेव्हन्थमध्ये सापडते: डी फ्लॅट सेव्हन. त्यात कोमल रे, म, कोमल ध, नी. ओढ तीच, पण खालचा पंचम जाऊन तिथे कोमल रिषभ येतो. ए सेव्हनच्या जागी त्याच न्यायाने ई फ्लॅट सेव्हन घेतला. आता बेस उतरतो: सा, कोमल ग, रे, कोमल रे आणि पुन्हा सा. हा उतार वाजवताना मला अजूनही अंगावर शहारा येतो. बेस गिटारवाल्याला मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. तो सवयीने पंचमावर गेला तर जी सेव्हनचंच तिखट रूप ऐकू येतं, उतार मोडतो. त्याला मी सांगितलं होतं. ताईंना सांगितलं नाही.

तालमीत ताई चौथ्या मात्रेला सा सोडत होत्या. त्या दिवशी दम छान लागला होता, त्यांनी पूर्ण आवर्तनभर सा धरला. सी वर सा म्हणजे घरच. ई फ्लॅट सेव्हनवर तो तेरावा स्वर होतो, गोड लागतो. डी मायनर सेव्हनमध्ये तर तो आहेच. सातव्या मात्रेला मी डी फ्लॅट सेव्हन दाबला आणि त्यातला नी अर्ध्या स्वरावर खालून, कोमल रे अर्ध्या स्वरावर वरून, असा सा दोन्हीकडून कोंडला गेला. नी तर मी उजव्या हातात, थेट त्यांच्या आवाजाच्या उंचीला ठेवला होता. जी सेव्हनमध्येही नी असतो, पण खाली पंचम असतो, आणि षड्जाला पंचमाचा संवाद सावरून धरतो. मी तो आधारच काढून घेतला. ताईंचा सुर नीकडे किंचित उतरला आणि सावरला. मॉनिटरमध्ये मला त्यांचा आवाज पुरेसा येत असता तर मी चटकन हात उचलला असता. पण आयोजकांना हारतुऱ्यांसाठी वेळ असतो, साउंड चेकसाठी नसतो.

नंतर विंगेत ताईंनी एवढंच विचारलं, "अरे, तिथे भैरव कुठून आला?"

मी आधी गोंधळलो. घरी येऊन स्वर मांडले तेव्हा पटलं. कोमल रे, म, कोमल ध, नी: सगळे भैरवाचेच. मला जिथे रात्रीचा क्लब ऐकू येतो तिथे त्यांना पहाट ऐकू येते, आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांनाही तेच ऐकू आलं असणार. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे पेटीवर बसलो. डी फ्लॅट सेव्हनमधला नी काढून सा घातला की तो डी फ्लॅट मेजर सेव्हन होतो. बेस तसाच उतरतो आणि ताईंचा सा कॉर्डचाच एक स्वर बनतो. पण म-नीची जोडी मोडते, ओढ सैल पडते. ताईंनी दोन्ही गाऊन पाहिले.

"मी सा धरलाय तोवर हा दुसरा वाजव," त्या म्हणाल्या. "सोडला की तुझा तो पहिला."

"कळणार कसं, ताई?"

त्यांनी मांडीवरचा डावा हात उघडून दाखवला. शनिवारी परत कार्यक्रम आहे. कीबोर्ड उजव्या बाजूला लावायला सांगितलाय, म्हणजे तो हात दिसेल.