रेषेला पोट नव्हतं

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीमधल्या एका पंप कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दर तीन महिन्यांनी ग्राहकांच्या तक्रारींची मीटिंग असते आणि तिच्यासाठी पॅरेटो चार्ट, म्हणजे कारणांचे मोठ्यापासून लहानापर्यंत खांब आणि त्यांवरून जाणारी एकत्रित टक्केवारीची रेषा, मी करते. त्या तिमाहीत घरगुती मोनोब्लॉक पंपांच्या 200 तक्रारी होत्या. मीटिंग दुपारी तीनला होती. मोटर जळण्याच्या तक्रारी वाढल्यात म्हणून वाइंडिंग तपासायचं नवीन यंत्र घ्यायचं, असं जवळपास ठरलेलं होतं. माझ्या चार्टने त्यावर फक्त शिक्का मारायचा होता.

आमच्याकडे अजून एक्सेल 2013 आहे. 2016 पासून एक्सेलमध्ये पॅरेटो चार्ट तयार मिळतो आणि तो खांब स्वतःच उतरत्या क्रमाने लावतो. पण त्यात ‘इतर’ हा खांबही आकड्याप्रमाणे मध्ये कुठेतरी जाऊन बसतो. आम्हाला तो कायम शेवटी हवा असतो, कारण ‘इतर’ हे कारण नाही, उरलेल्या किरकोळ गोष्टींचं गाठोडं आहे. त्यामुळे मला हाताने केलेला चार्टच बरा वाटतो.

A कॉलममध्ये कारण, B मध्ये तक्रारींची संख्या, मोठ्यापासून लहानाकडे सॉर्ट केलेली. C मध्ये एकत्रित टक्केवारी:

```
=SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$13)
```

पूर्वी मी वरच्या ओळीतल्या टक्क्यात खालच्या ओळीचा टक्का मिळवत जायचे. पण तसं केलं की पहिल्या ओळीचं सूत्र बाकीच्यांपेक्षा वेगळं राहतं, आणि पुन्हा सॉर्ट केलं की सगळं विस्कटतं. वरच्या सूत्रात बेरीज दर वेळी दुसऱ्या ओळीपासून सुरू होते, म्हणून सॉर्ट कितीही वेळा केलं तरी चालतं.

मग तिन्ही कॉलम निवडून Insert मध्ये Combo. संख्येला खांब, टक्केवारीला रेषा, आणि रेषेपुढे Secondary Axis वर टिक. चार्ट आला. डावा अक्ष 30 पर्यंत, उजवा 120 टक्क्यांपर्यंत. मोटर जळाली हा पहिला खांब, 26 तक्रारी, ऐटीत उभा. ठरल्याप्रमाणेच दिसत होतं सगळं.

प्रिंट घेऊन काकांकडे गेले. काका म्हणजे आमचे क्वालिटीचे इन्चार्ज, रावपुऱ्यात वाढलेले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी कागद हातात घेतला, बोट पहिल्या खांबाच्या डोक्यावर ठेवलं आणि मग खाली रेषेच्या सुरुवातीवर नेलं.

“अगं, ह्या दोघांची भेट का नाही झाली?”

मला कळेना. त्यांनी समजावलं. पहिल्या कारणापर्यंतची बेरीज म्हणजे पहिलंच कारण, म्हणून रेषेचा पहिला बिंदू पहिल्या खांबाच्या माथ्यावरच पडला पाहिजे. तो पडत नाही, कारण डावीकडची मोजपट्टी वेगळी आणि उजवीकडची वेगळी. डावा अक्ष एकूण तक्रारींपर्यंत न्यायचा, उजवा 100 टक्क्यांवर थांबवायचा. दोन्ही पट्ट्या एकाच उंचीवर संपल्या की खांब आणि रेषा एका भाषेत बोलतात.

जागेवर येऊन डाव्या अक्षावर राइट क्लिक केलं, Format Axis मध्ये Maximum ला 200 टाकलं, उजवीकडे 1.0. बिंदू खांबाच्या माथ्यावर अचूक येऊन बसला. पण चार्टचं रूपच पालटलं. मघाचे ऐटबाज खांब तळाशी दबले, सगळे जवळजवळ एका उंचीचे. आणि रेषा खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात, किंचित बाक घेऊन, जवळपास सरळ गेलेली.

काका माझ्या मागे येऊन उभे होते. “रेषेला पोटच नाहीये. एक तर खरोखर सगळी कारणं सारखी आहेत, नाहीतर तू एकाच कारणाचे तुकडे केलेत. आपल्या पंपांत सगळी कारणं सारखी? मी नाही मानत. रजिस्टर उघड.”

साडेबारा वाजले होते. सर्व्हिसची मुलं तक्रारी शीटमध्ये भरतात आणि मी त्यावर पिव्होट लावून आकडे घेते. मूळ नोंदी ओळीने वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी वाचल्या. दांडिया बाजारचा मुलगा लिहीत होता ‘सील गळती’: 23. दुसरा ‘लीकेज’: 22. तिसरा गुजरातीत ‘पाणी टपके छे’: 19. आणि पुन्हा एक ‘लीकेज’, 14, हुबेहूब तसंच. ते वेगळं का, हे मला बराच वेळ उमगेना. शेवटी सेलमध्ये कर्सर नेला तेव्हा दिसलं, शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा होती. एक्सेलच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

चारही मिळून 78. दोनशेपैकी 39 टक्के. आणि मीटिंग ज्या कारणावर होणार होती ते 13 टक्के.

मी Map नावाची नवीन शीट घेऊन दोन कॉलमची यादी केली: डावीकडे मुलं लिहितात ते शब्द, उजवीकडे आमचं एकच ठरलेलं नाव. रजिस्टरच्या बाजूच्या कॉलममध्ये:

```
=VLOOKUP(TRIM(C2),Map!A:B,2,FALSE)
```

TRIM ने शेवटची रिकामी जागा जाते. यादीत नसलेला शब्द आला तर #N/A दिसतं, आणि ते मला हवंच होतं, म्हणजे नवीन शब्द गुपचूप वेगळा खांब होऊन बसत नाही.

‘आवाज येतो’ आणि ‘बेअरिंग’ हेही एकत्र करावेत असं मला वाटलं. काकांनी अडवलं. आवाज हे ग्राहकाला जाणवलेलं लक्षण आहे. तो बेअरिंगमुळे असेल, इम्पेलर घासल्यामुळेही असेल. पंप उघडून पाहिल्याशिवाय जोडायचं नाही. ते दोन खांब वेगळेच राहिले, आणि मला ते पटलं.

नवा चार्ट नऊ खांबांचा झाला. रेषा पहिल्याच टप्प्यात 39 वर, मग 52, मग 62, आणि पुढे सावकाश चढत शेवटपर्यंत. 80 टक्के गाठायला सहा कारणं लागली. दोन कारणांत 80 टक्के का आले नाहीत असं कुणीतरी विचारणार हे मला माहीत होतं, म्हणून उत्तर तयार ठेवलं: 80-20, म्हणजे 20 टक्के कारणांत 80 टक्के तक्रारी, हा अनुभवातून आलेला ढोबळ अंदाज आहे, आपले आकडे त्याला बांधलेले नाहीत.

मीटिंगमध्ये मी जुना आणि नवा चार्ट शेजारी शेजारी लावले. दोन्हींत एकूण 200 च, तक्रारीही त्याच. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग प्रॉडक्शनवाल्यांना विचारलं, “सील बसवताना पाहिलंय का कुणी?” यंत्राचा विषय त्या दिवशी पुढे ढकलला गेला आणि परत आलेल्या पंपांतले गळणारे पंप उघडून सीलची पृष्ठं तपासायचं ठरलं. गळती हेसुद्धा लक्षणच, त्याच्या आतली कारणं काढायला त्या 78 चा वेगळा पॅरेटो लागणार होता.

संध्याकाळी मी रजिस्टरच्या कारण कॉलमला Data Validation मधून यादी लावली. आता टाइप करायचं नाही, निवडायचं. ‘पाणी टपके छे’ लिहिणारा मुलगा येऊन स्क्रीनकडे बघत म्हणाला, “बेन, आमां मारुं क्यां छे?” मी यादीतल्या ‘लीकेज’वर बोट ठेवलं, आणि पुढे कंसात त्याचे शब्दही जोडून दिले.