मार्केट यार्डातली संक्रांतीची खरेदी: तीळ, गूळ आणि तयार लाडू

गेल्या वर्षी घाईत एका दुकानातून दोन किलो तयार लाडू आणले आणि हळदीकुंकवाच्या दिवशी डबा उघडला तर खवट वास. बायका वाटेवर होत्या आणि माझ्या हातात द्यायला काही नव्हतं. म्हणून यंदा ६ जानेवारीलाच शेजारच्या काकूंना घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात, गूळ-भुसार विभागात गेले. स्वारगेटपासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. सकाळी लवकर गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. भोगीच्या आदल्या दिवशी कुणी पोतं उघडून दाखवत नाही.

आधी तीळ. काकूंनी पोत्यात वरवर हात न घालता कोपरापर्यंत घातला आणि खालची मूठ काढली, कारण वर ताजा माल पसरलेला असू शकतो. मूठ तळहातावर चोळून हलकी फुंकर मारली. पोचट दाणे आणि काडीकचरा उडाला, हाताला तेलकट स्पर्श राहिला. मग चिमूटभर तोंडात टाकून सावकाश चावायचे. गावरान तीळ साल असल्यानं किंचित कडसर लागतात, ते चालतं. पण गिळल्यावर घशाशी खवखवलं किंवा जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला, तर ते तीळ सोडा. पॉलिशचे पांढरे तीळ लाडवाला देखणे दिसतात, पण साल गेल्यानं लवकर खवट होतात. खरिपाचे तीळ दिवाळीच्या आसपास बाजारात येतात, म्हणून "नवे की जुने?" हे विचारूनच घ्या. पहिल्या दुकानातले तीळ आम्ही घशातल्या खवखवीमुळेच सोडले.

गुळाकडे मी जास्त वेळ उभी राहिले. मागितला तेव्हा दुकानदारांनी उलट विचारलं, "ताई, लाडूला की पोळीला?" लाडू-वडीला चिक्कीचा गूळ लागतो. तो चकचकीत, चिकट असतो, नखानं दाबला तर रुततं आणि खडा ओढला तर तार येते. पोळीला साधा गूळ हवा, रवाळ, किसला जाणारा. साध्या गुळाचा पाक केला की लाडू भुगा होऊन सुटतात आणि चिक्कीच्या गुळाची पोळी कडक होते. दोन्ही हवे असतील तर दोन पिशव्यांवर तिथेच लिहून घ्या.

रंगावर फार जाऊ नका. फिकट पिवळा गूळ छान दिसतो, पण रस पांढरा करायला रसायनं घातलेली असू शकतात. चिक्कीचा गूळ मुळातच उजळ असतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून दोष देता येत नाही. चव बघा. खारट लागला तर घेऊ नका. आम्ही आधी पाव किलोच घेतला आणि घरी खडा पेलाभर पाण्यात विरघळवला. तळाशी चिपाडाचा थोडा काळपट गाळ बसला, तो चालतो. पांढरी पूड बसली असती तर भेसळीची शंका धरून दुसरं दुकान बघितलं असतं. मग पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी केली. ताटलीवर टाकल्यावर टण् वाजली, तेव्हा दुसऱ्या दिवशी उरलेला गूळ आणला.

किती आणायचं, हा काकूंचा हिशेब. हळदीकुंकवाला पंचेचाळीस बायका, प्रत्येकीला दोन म्हणजे नव्वद. शेजारी बारा घरं, चार-चार म्हणजे अठ्ठेचाळीस. घरात रथसप्तमीपर्यंत साठ. एकूण १९८, म्हणजे दोनशे धरा. सुपारीपेक्षा जरा मोठा लाडू साधारण बारा ग्रॅमचा होतो, म्हणून सगळे मिळून २ किलो ४०० ग्रॅम हवेत. त्यासाठी १ किलो तीळ, १ किलो चिक्कीचा गूळ, पाव किलो दाणे, शंभर-शंभर ग्रॅम सुकं खोबरं आणि डाळं. पन्नास ग्रॅम भांड्याला चिकटून जातात. पोळीचे तीळ वेगळे आणा, यातून काढू नका, लाडू कमी पडतात.

तयारच घ्यायचे असतील तर किलोभर घेण्याआधी एक विकत घेऊन मोडा. कटकन मोडायला हवा, आत तीळ सुटे दिसावेत. दगडासारखा असेल तर पाक पुढे गेलेला, हाताला चिकटला तर कच्चा. लहान मुलं आणि कवळीवाले असतील तर कडक लाडू नकोतच. मोडलेल्या जागी नाक लावा, खवटपणा आतच कळतो. सुट्या मिठाईवरही 'कधीपर्यंत चांगली' ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, ती रथसप्तमीनंतरची असेल तरच एकदम घ्या. नाहीतर संक्रांतीपुरते निम्मे घ्या आणि हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी पुन्हा जा.