फोटोतला एकक पुसट असेल तर

"मॅडम, मुलाच्या वहीचा फोटो पाठवते. कॅल्क्युलेटर न लावता यातली कुठली संख्या पूर्ण वर्ग आहे आणि नसली तर वर्गमूळ साधारण किती, हे तुम्ही कसं सांगता?"

मी आधी एकक बघते. पूर्ण वर्गाच्या एककस्थानी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत, त्यामुळे बरीच पाटी तिथेच साफ होते. पण फोटोत देवनागरी १ आणि ९ फार दगा देतात. परवा असाच फोटो आला. संख्या ३४८१ की ३४८९, काही केल्या कळेना. एकक दोन्ही चालणारे. मग अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत केली. पूर्ण वर्गाची ही बेरीज फक्त १, ४, ७ किंवा ९ येते, कारण वर्गाला ९ ने भागल्यावर बाकी ०, १, ४ किंवा ७ एवढीच राहते. ३४८१ चे १६, म्हणजे ७. ३४८९ चे २४, म्हणजे ६. दुसरी बाद.

मात्र ही चाळणी नापास करते, पास झाल्याची खात्री देत नाही. ३४२१ बघा: एकक १, बेरीज १०, म्हणजे १, आणि तरीही पूर्ण वर्ग नाही. शेवटी वर्ग करूनच बघावा लागतो. ६० चा वर्ग ३६००, ३४८१ त्याच्या जरा अलीकडची आणि एकक १, म्हणून उमेदवार ५९. ३६०० मधून १२० वजा, १ मिळवा: ३४८१. जमलं.

मी उत्तर लिहून पाठवणार, एवढ्यात प्रश्नाची ओळ नीट वाचली: "पूर्ण वर्ग आहे का ते सांगा. नसल्यास वर्गमूळ अंदाजे काढा." म्हणजे संख्या पूर्ण वर्गच असेल असं धरून पुसट अंक ठरवणं चूक होतं. "वर्गमूळ काढा" एवढंच असतं, तर गोष्ट वेगळी. दुसरा फोटो मागवला, उजेडात काढलेला. एकक ९ होता.

मग अंदाज. ३४८९ हा ५९ च्या वर्गापेक्षा ८ ने जास्त. या ८ ला ५९ च्या दुपटीने, म्हणजे ११८ ने भागायचं. साधारण ०.०७ येतात, म्हणून वर्गमूळ ५९.०७. हे उत्तर खऱ्यापेक्षा नेहमी किंचित मोठं येतं, पण इथे फरक दोन दशांश स्थळांत दिसतही नाही.

लहान संख्यांत मात्र तो चांगलाच दिसतो. ७ चं वर्गमूळ २ पासून काढलं तर २ अधिक तीन-चतुर्थांश, २.७५ येतं. खरं आहे २.६५ च्या आसपास. ७ ला ४ पेक्षा ९ जवळचा, म्हणून ३ पासून मागे यायचं: ३ वजा दोन-षष्ठांश, २.६७. मुलं सवयीने खालचाच वर्ग धरतात, आणि वहीत २.७५ दिसलं की चूक तिथेच झालेली असते.