वकीलपत्र

मैत्रिणीचं ब्रेकअप झालं की आपल्या तोंडून हमखास निघतं, "बरं झालं सुटलीस. तो तुझ्या लायकीचाच नव्हता." आता पुढे काय होतं बघा. इतका वेळ रडणारी मैत्रीण डोळे पुसते आणि त्याचं वकीलपत्र घेते. "अगं, तसा वाईट नाहीये तो. आई आजारी होती तेव्हा रात्रभर जागला होता." झालं! रडणं राहिलं बाजूला, ती खटला लढवायला लागली, तोही आपल्याविरुद्ध. शिवाय तो माणूस फालतू ठरला की त्याच्यावर जीव लावणारी तीही वेडीच ठरते. आणि महिन्याभरात दोघं पुन्हा एकत्र आले (येतात हो!), तर आपली वाक्यं तिच्या लक्षात असतात. मग तिचे फोन कमी होतात.

ती स्वतः शिव्या घालत असेल तर घालू द्याव्यात, आपण त्यात भर घालू नये. "राग येणारच गं" एवढं पुरतं. अर्थात त्यानं हात उचलला असेल, धमकावलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे "हे चूक आहे" असं स्पष्टच म्हणावं.

खरी परीक्षा असते मेसेजची. एकदा एका मैत्रिणीनं फोन माझ्यापुढे धरला. शेवटचा मेसेज होता, 'ठीक आहे. काळजी घे.'

"पूर्णविराम का दिलाय त्यानं? कधीच देत नाही."

मी अर्थ लावायला बसले असते तर पहाट झाली असती, आणि माझा अर्थ तिनं आठवडाभर उराशी धरला असता. मी विचारलं, "हा मेसेज वाचलास तेव्हा कुठे होतीस?"

"बसमध्ये. उभी होते."

मग ती गर्दी, चुकलेला स्टॉप, उलट्या दिशेनं चालत येणं, सगळं निघालं. पूर्णविराम मागे पडला आणि ती स्वतःबद्दल बोलायला लागली. तेव्हा कुठे नीट रडली.

तेच तेच उगाळत बसण्यालाही मर्यादा आहे म्हणा. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवर अभ्यास मांडला. एकमेकांच्या अडचणी सतत चघळणाऱ्यांची मैत्री घट्ट असते, पण त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त दिसते, असं त्यात आढळलं. म्हणून तोच मेसेज चौथ्यांदा निघाला की मी म्हणते, "चल, पाय मोकळे करून येऊ." तो काही इलाज नसतो, नुसती जागा बदलते.

इलाज सुचवणारे तसेही पुष्कळ असतात: जिम लाव, केस काप, नवीन कुणीतरी बघ. पहिल्या आठवड्यात फोनवर फोन. तिसऱ्या आठवड्यात सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि सुट्टीची संध्याकाळ तिला खायला उठते ती तेव्हाच. "काही लागलं तर सांग" याचा तिथे उपयोग नसतो, कारण काय लागतंय हे तिलाच कळत नसतं. त्यापेक्षा मी मेसेज टाकते, 'शनिवारी सहाला येऊ का? बोलायलाच हवं असं नाही.' बहुतेकदा 'ये' असं उत्तर येतं. कधी 'नको' येतं. मग पुढच्या शनिवारी पुन्हा विचारते.