आमची वाटचाल: इन्व्हर्टरच्या एएमसीचं बिल आधी काढलं अन् अंगावर आलं

हिंगणघाटच्या आजूबाजूला आम्ही इन्व्हर्टर-बॅटरीचं काम करतो. दवाखाने, पतसंस्था, जिनिंगची ऑफिसं अशी गिऱ्हाईकं हायत. आधी नुसतं विकणं आणि दुरुस्ती होती, मग एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट सुरू केलं, वर्षाचे पैसे ॲडव्हान्स आणि चार व्हिजिट.

रिन्यूअलच्या पहिल्याच वर्षी चुकलो. १ एप्रिलला अकरा जुन्या गिऱ्हाईकांचं रिन्यूअलचं बिल एकदमच काढून टाकलं, सगळे मिळून १,१०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १९,८००. टॅक्स इन्व्हॉइस निघालं म्हणजे पैसे येवोत न येवोत, टॅक्स त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, तो आम्ही २० मे ला खिशातून भरला. आणि पुढे चार जणांनी रिन्यूच केलं नाही! मग त्यांच्या क्रेडिट नोटा काढत बसलो तेव्हा कुठं तो टॅक्स पुढच्या रिटर्नमध्ये वळता झाला, पण तोवर पैसा अडकला तो अडकलाच.

आता आधी प्रोफॉर्मा पाठवतो, म्हणजे पक्कं बिल काढायच्या आधीचं नुसतं कच्चं बिल, त्यावर टॅक्स लागत नाही. मुदत संपायच्या महिनाभर आधी पहिली आठवण, पंधरा दिवसांनी दुसरी, शेवटच्या आठवड्यात फोन. पैसे खात्यात आले की त्याच दिवशी टॅक्स इन्व्हॉइस, त्यावर कॉन्ट्रॅक्टच्या दोन्ही तारखा. एक ध्यानात ठेवा, सर्व्हिसमध्ये ॲडव्हान्स घेतला की बिल काढलं नसलं तरी टॅक्स लागतोच, म्हणून आलेले पैसे बिलाशिवाय पडून ठेवत नाही.

पण आठवणीचा मेसेज एकटा पाठवला तर लोक वाचून सोडून देतात, त्याच्यासोबत व्हिजिटचं कार्ड पाठवायला लागलो तसा फरक पडला. कार्डावर तारीख, सहाही सेलचं हायड्रोमीटर रीडिंग, किती डिस्टिल्ड वॉटर घातलं, लोडवर किती मिनिटं चालली, आणि तिथल्या माणसाची सही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी लवकर आटते, ते कार्डावर दिसते.

एका पतसंस्थेत पाच सेलचं रीडिंग १.२५ च्या आसपास आणि एकाचं १.१८, म्हणजे तो सेल कमजोर, दोन्ही व्हिजिटला तसंच. आम्ही लिहून सही घेतली होती. डिसेंबरात बॅटरी बसली तं मॅनेजर साहेब तापले, "भाऊ, एएमसी कायले घेतली मंग?" कॉन्ट्रॅक्टमध्ये बॅटरी बदलून देणं नव्हतं, ते आम्ही सांगितलंच, पण त्यांना पटलं ते दोन कार्डं समोर ठेवल्यावर. स्वतःची सही बघितली, कार्डं फाईलला लावली, अन् म्हणाले, "नव्या बॅटरीचं कोटेशन द्या, रिन्यूअलचा प्रोफॉर्मा बी सोबतच पाठवा."